बारा गावांची पाणी योजना: ८ रुपये, १६ रुपये आणि वर्षाचे ४८ लाख

प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना सुरू झाली की पाण्याच्या दराचा वाद हमखास सुरू होतो. एक म्हणतो, पाणी उपसायला जेवढी वीज लागते तेवढेच पैसे घ्या. दुसरा म्हणतो, योजना स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, सगळा खर्च पट्टीतून निघालाच पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, दर कमी ठेवा आणि खड्डा शासनाने भरावा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या तीन बाजू अनुक्रमे सीमांत खर्चावरचा दर, सरासरी खर्चावरचा दर आणि अनुदान या नावांनी येतात. इथे आपण एकच योजना घेऊन तिन्ही बाजूंचा हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत नेऊ.

योजना नमुन्याची आहे. आकडे हिशोब स्वच्छ व्हावा म्हणून धरले आहेत, पण अशा योजनेत जसे असू शकतात तसेच. १२ गावं, ५,००० कुटुंबं, साधारण २४,००० माणसं. धरणाच्या फुगवट्यात जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून रायझिंग मेन या चढत्या नळाने पाणी जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून टेकडीवरच्या मुख्य संतुलन टाकीत, आणि पुढे उताराने गावोगावच्या उंच टाक्यांत. शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला २६ लाख लिटर. उभारणीचा खर्च ३० कोटी. पुढे सगळीकडे पाण्याचं एक युनिट म्हणजे १,००० लिटर, म्हणजेच एक घनमीटर.

खर्च का घसरतो

कारण जमिनीखाली आहे. नळाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबात त्यातून सुमारे सहापट पाणी जातं. नळातला प्रवाह काढायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात प्रवाह व्यासाच्या २.६३ व्या घातात वाढतो, म्हणून. नळाची किंमत मात्र त्या मानाने फार कमी वाढते, आणि चर खोदायचा, रस्ता फोडून पुन्हा भरायचा, ओढा ओलांडायचा खर्च जवळपास तोच राहतो. शिवाय मुख्य नळ पुढची तीस वर्षं धरून टाकलेले असतात. आजची लोकसंख्या तीस वर्षांनंतरच्या अंदाजापेक्षा कमी असते, म्हणजे नळात आज जागा शिल्लक असते. त्या शिल्लक जागेतून आणखी एक युनिट पाठवायला फक्त वीज, तुरटी आणि क्लोरीन लागतं.

त्या एका युनिटाचा खर्च मोजणं अवघड नाही, पण तो क्वचितच नीट मोजला जातो. या योजनेत दोन टप्प्यांत मिळून, नळातलं घर्षण धरून, १८० मीटर उंचीएवढा उपसा आहे. एक घनमीटर पाणी १८० मीटर चढवायला निव्वळ ऊर्जा लागते ९.८१ × १८० ÷ ३६००, म्हणजे ०.४९ युनिट वीज. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वीजमीटरवर ०.८२ युनिट वीज पडते. ७ रुपये दराने ५ रुपये ७२ पैसे. तुरटी, क्लोरीन आणि जलसंपदा विभागाचा कच्च्या पाण्याचा दर मिळून ६८ पैसे. एकूण ६ रुपये ४० पैसे.

इथे थांबलं तर चूक होते. उपसलेल्या पाण्यापैकी २० टक्के गळतीत जातं. घरात एक युनिट पोहोचवायला सव्वा युनिट उपसावं लागतं, म्हणून ६.४० ला ०.८० ने भागायचं. सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक युनिट पोहोचवण्याचा खर्च, आला ८ रुपये.

दुसरी नेहमीची चूक वीजबिलात होते. बिलातला मागणी आकार, म्हणजे मंजूर भारावरचा ठरावीक महिना आकार, पंप कमी चालवला म्हणून कमी होत नाही. तो स्थिर खर्चात धरायचा. अख्ख्या बिलाला पाण्याच्या युनिटांनी भागून आलेला आकडा सीमांत खर्च नसतो.

स्थिर खर्चात मागणी आकार, पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, फिल्टरची देखभाल, मोटर रिवाइंडिंग आणि दुरुस्तीची तरतूद येते. तो महिन्याला ४ लाख, म्हणजे कुटुंबामागे ८० रुपये. उभारणीच्या ३० कोटींचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला आहे. जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रात तो पैसा केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा देतात, गावांतर्गत कामात लोकवर्गणी असते, आणि पट्टीतून अपेक्षा असते ती चालवण्याच्या खर्चाची. त्याच्याकडे नंतर येऊ.

महिन्याला ३०,००० युनिटं विकली तर सरासरी खर्च ८ अधिक १३.३३, म्हणजे २१ रुपये ३३ पैसे. ६०,००० विकली तर १४ रुपये ६७ पैसे. विक्री वाढेल तशी सरासरी खाली येत जाते, पण ८ च्या खाली कधीच जात नाही. हाच नैसर्गिक मक्तेदारीचा गाभा आहे. एकाच्या जागी दोन संस्थांनी ६०,००० युनिटं निम्मी वाटून घेतली, तर दोघींना स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र माणसं लागतील आणि तेच पाणी युनिटाला पावणेसात रुपयांनी महाग पडेल. स्पर्धेने इथे स्वस्ताई येत नाही. म्हणून पुरवठादार एकच राहतो, आणि मग त्याचा दर कोणी आणि कशावर ठरवायचा हा प्रश्न उरतो.

तीन दर, एकच मागणी

दर आणि वापर यांचं नातं असं धरू: फुकट असेल तर कुटुंब महिन्याला १४ युनिटं वापरतं, आणि दर ४ रुपयांनी वाढला की वापर एका युनिटाने कमी होतो. ८ रुपयांना १२ युनिटं, १६ रुपयांना १०. जल जीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं मान धरलं तर ४.८ माणसांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे ८ युनिटं लागतात, तेव्हा हे आकडे भूतलावरचेच आहेत.

८ रुपये लावले तर महिन्याला ६०,००० युनिटं जातात. प्रत्येक युनिटाचा बदलता खर्च निघतो, स्थिर खर्चातला एक पैसाही निघत नाही. तूट ४ लाख महिना, ४८ लाख वर्ष. सरासरी खर्च उतरता असला की सीमांत खर्च नेहमी सरासरीच्या खाली असतो, म्हणून ही तूट व्यवस्थापनाच्या गलथानपणाची खूण नाही. उत्तम चालवलेल्या योजनेतही ती येणारच.

आता सरासरी खर्चावरचा दर. ६०,००० युनिटांवर सरासरी १४.६७ आहे, तोच दर लावू, असं म्हणून चालत नाही. १४.६७ दराने वापर घसरून ५१,६६७ युनिटांवर येतो आणि त्यावर सरासरी होते १५.७४. तो दर लावला की पुढची सरासरी १५.९५. अशी पावलं टाकत दर १६ वर स्थिरावतो. ग्रामपंचायत दर वर्षी मागच्या वर्षीच्या सरासरीवर दर ठरवते आणि दर वर्षी थोडी तूट उरतेच, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. १६ रुपयांना कुटुंब १० युनिटं घेतं. त्यातून ८ रुपयांप्रमाणे ८० रुपये स्थिर खर्चाकडे जातात आणि वही जुळते.

पण वही आणखी एका दराला जुळते: ४८ रुपये. त्या दराला कुटुंब महिन्याला फक्त २ युनिटं घेईल, त्यावर युनिटामागे ४० रुपये सुटतील, पुन्हा ८०. ‘ना नफा, ना तोटा’ एवढंच नियमात लिहिलं तर दोन्ही दर नियमात बसतात. मधला ३२ रुपयांचा दर हा खऱ्या मक्तेदाराचा. त्याला कुटुंब ६ युनिटं घेतं, स्थिर खर्चासाठी १४४ रुपये सुटतात. यापेक्षा जास्त कुठल्याही एका दराने सुटत नाहीत. हा १४४ चा आकडा लक्षात ठेवा.

| दर (रु.) | वापर, दरमहा दर कुटुंब | स्थिर खर्चाकडे (रु.) | वर्षाची तूट |
|---|---|---|---|
| ० | १४ | −११२ | १ कोटी १५ लाख |
| ८ | १२ | ० | ४८ लाख |
| १६ | १० | ८० | शून्य |
| ३२ | ६ | १४४ | ३८.४ लाख शिल्लक |

४८ लाखांच्या बदल्यात काय मिळतं?

१६ ऐवजी ८ रुपये ठेवल्याने प्रत्येक कुटुंब दोन युनिटं जास्त वापरतं. त्या दोन युनिटांची किंमत त्याच्या लेखी १६ पासून ८ पर्यंत उतरत जाते, सरासरी १२. उपसायला लागतात ८. म्हणजे निव्वळ फायदा युनिटामागे ४ रुपये, दोन युनिटांचे ८ रुपये. ५,००० कुटुंबांचे महिन्याला ४०,०००, वर्षाला ४ लाख ८० हजार.

अनुदान ४८ लाख, वाढलेला फायदा ४.८ लाख. हे बघून कोणी म्हणेल की ४३ लाख पाण्यात गेले, तर तेही बरोबर नाही. अनुदानाचा बहुतांश भाग करदात्याच्या खिशातून नळधारकाच्या खिशात गेला. तो कुणाला द्यावा हा न्यायाचा प्रश्न आहे, नासाडीचा नाही. खरा खर्च आहे तो कराचा रुपया गोळा करताना होणाऱ्या नुकसानीचा: कर लागल्यामुळे जे व्यवहार होतच नाहीत, त्यांचा. रुपयामागे हे नुकसान २० पैसे धरलं तर ४८ लाखांमागे ९ लाख ६० हजार. मिळाले ४.८ लाख. सौदा तोट्याचा. नुकसान रुपयामागे १० पैशांपेक्षा कमी असेल तरच ८ रुपयांचा दर आणि वर अनुदान हे १६ रुपयांपेक्षा सरस ठरतं.

जूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्ये पुलाच्या पथकरावर लिहिताना हाच हिशोब पहिल्यांदा मांडला. अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड होटेलिंगने १९३८ मध्ये त्यावरून सांगितलं की रेल्वे, पूल, वीज यांचे दर सीमांत खर्चावर ठेवा आणि स्थिर खर्च करांतून भागवा. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने १९४६ मध्ये त्याला अडवलं. पैसे द्यायला लोक तयार आहेत की नाही हे कधी तपासलंच नाही, तर योजना मुळात हवी होती का हे कळणार कसं, असा त्याचा प्रश्न होता. आपल्या बारा गावांना दोघांचंही म्हणणं लागू पडतं, फक्त वेगवेगळ्या वेळी. नळ गाडून झाल्यावर होटेलिंग, नळ गाडण्याआधी कोस.

आधीच्या वेळेचं बघू. ३० कोटी ८ टक्क्यांनी ३० वर्षांत फेडायचे तर वर्षाला सुमारे २ कोटी ६६ लाख, कुटुंबामागे महिन्याला ४४४ रुपये. कुठल्याही एका दराने जास्तीत जास्त १४४ सुटतात, त्यातले ८० चालवण्यात जातात. म्हणजे भांडवलासकट सरासरी खर्चावरचा दर इथे अस्तित्वातच नाही. मग योजना बांधायला नको होती का? मागणीच्या रेषेनुसार कुटुंबाला १२ युनिटांतून उपशाचा खर्च वजा जाता २८८ रुपयांचं संतोषाधिक्य, म्हणजे खर्चापेक्षा जास्तीचा फायदा, मिळतं. त्यातून ८० गेले, राहिले २०८. ४४४ ला २३६ कमी.

पण ती रेषा ५६ रुपयांवर संपते, म्हणजे पहिल्या हंड्याचीही किंमत युनिटाला ५६ च्या आत धरते, आणि तिथे ती खोटी आहे. टंचाईत खासगी टँकरला लोक हजार लिटरमागे शंभरावर रुपये मोजतात. पहिल्या तीन युनिटांची सरासरी किंमत रेषेनुसार ५० येते. ती १२९ धरली की २३६ ची तूट भरून निघते. टँकरचे पैसे आणि पाण्यासाठी रोज जाणारे बायकांचे तास धरले तर तो आकडा अवास्तव वाटत नाही. जिथे वर्षभर पाणी असलेली सार्वजनिक विहीर घराशेजारी आहे तिथे मात्र तो वाटेल. म्हणून भांडवली अनुदानाचा निर्णय गावागावाच्या टंचाईवर अवलंबून राहतो आणि पाण्याच्या दराशी त्याचा संबंध फार थोडा.

पट्टी थकली की दर नाहीसा होतो

आतापर्यंत धरलं की बिल गेलं म्हणजे पैसे आले. आता काही कुटुंबं भरतच नाहीत असं धरू. जो भरत नाही त्याच्यासाठी दर शून्य, तो १४ युनिटं वापरतो. त्याच्या उपशाचे ११२ रुपयेही भरणाऱ्यांच्या डोक्यावर येतात.

९० टक्के भरत असतील तर वही १९ रुपयांच्या दराला जुळते. ८० टक्के भरत असतील तर २४ रुपयांना. ७५ टक्क्यांवर ती जुळते ३२ रुपयांना, म्हणजे मक्तेदार नफ्यासाठी जो दर लावेल तोच दर इथे फक्त तग धरायला लागतो. आणि ७५ च्या खाली? कुठल्याच दराला नाही. पडताळून बघायला सोपं आहे: भरणाऱ्याकडून जास्तीत जास्त १४४ सुटतात. १०० पैकी ७० भरत असतील तर १०,०८० रुपये. स्थिर खर्च १०० कुटुंबांचा ८,०००, आणि न भरणाऱ्या ३० जणांचा उपसा ३,३६०. एकूण ११,३६०. कितीही दर वाढवा, १,२८० ची तूट राहतेच.

शिवाय इथे धरलं आहे की दर वाढला म्हणून थकबाकीदार वाढत नाहीत. ते वाढतात. म्हणून प्रत्यक्षातली सीमा ७५ च्याही वर असणार.

हे बाहेरून ओळखायचं कसं? दर वाढवल्यानंतरच्या दोन तिमाहींची एकूण वसुली बघा, टक्केवारी नको. दर वाढूनही वसूल झालेली रक्कम कमी झाली, तर योजना त्या सीमेच्या पलीकडे आहे. तिथे दरवाढीचा ठराव म्हणजे उरलेल्या भरणाऱ्यांना दंड. आधी वसुली ७० वरून ९० वर आणायची, मग दराचं बोलायचं. थकबाकीमुळे वीजबिल राहतं, जोडणी तुटते, आठवडाभर पाणी येत नाही, मग भरणारेही भरायचे थांबतात. योजना बंद पडते ती बहुधा याच साखळीने. पंप जळाला हे शेवटचं कारण असतं, पहिलं नव्हे.

मीटर, व्हॉल्व्ह आणि शेपटाकडची गावं

दोन भागांचा दर हा पुस्तकी उपाय: दरमहा ८० रुपये स्थिर आकार, वर युनिटाला ८ रुपये. कुटुंब १२ युनिटं वापरून १७६ रुपये भरतं. १६ रुपये दराने १० युनिटांचे १६० भरत होतं, पण दोन युनिटं जास्त मिळाल्याने ते ८ रुपयांनी फायद्यातच आहे. तूट शून्य, अनुदान शून्य.

यात मारला जातो तो कमी वापरणारा. एकटी म्हातारी महिन्याला ४ युनिटं वापरते. १६ रुपये दराने तिचं बिल ६४, दोन भागांच्या दराने ११२. ती जोडणी सोडून शेजारच्या नळावर जाईल, आणि मग तिचे ८० ही गेले. यावर हिशोबातच उत्तर आहे: १,००० गरीब कुटुंबांना स्थिर आकार ३० रुपये आणि उरलेल्या ४,००० ना साडेब्याण्णव, बेरीज तेच ४ लाख. अनुदान द्यायचंच असेल तर या १,००० कुटुंबांच्या स्थिर आकारात द्यावं. ते वर्षाला ६ लाखांत भागतं, ४८ लागत नाहीत.

पण युनिटाला ८ रुपये लावायचे तर घरोघर मीटर हवा, आणि इथे पुस्तक जरा घाई करतं. मीटर जोडणीसकट २,४०० रुपये आणि आयुष्य ८ वर्षं धरलं तर महिन्याला २५. वाचन आणि बिल १०. एकूण ३५ रुपये. मीटरने काय वाचतं? फुकट पाण्यात कुटुंब १४ युनिटं वापरतं, शेवटची दोन त्याला सरासरी ४ रुपयांची वाटतात आणि उपसायला ८ लागतात. नुकसान ८ रुपये. ८ वाचवायला ३५ खर्च. (१६ रुपये दराचं नुकसानही बरोबर ८ च होतं. दर फार कमी आणि दर फार जास्त यांची चूक इथे सारखीच भरते.)

मात्र फुकट पाण्याची मागणी नळात मावत नाही. महिन्याला ७०,००० युनिटं हवीत, आणि २६ लाख लिटर क्षमतेतून गळती वजा जाता ६२,४०० पोहोचतात. ७,६०० ची ही तूट सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. पाणी आधी टाकीजवळच्या गावांत भरतं आणि शेपटाकडची दोन गावं मार खातात. तिथल्या ८०० कुटुंबांना हवीत ११,२०० युनिटं, मिळतात ३,६००. कुटुंबाला साडेचार, माणशी दिवसाला ३१ लिटर. तिथे आणखी एका युनिटाची किंमत ३८ रुपये आहे, आणि वरच्या गावात तेच युनिट शून्य किमतीने अंगणात शिंपडलं जातं. सगळा हिशोब केला तर नुकसान आता कुटुंबामागे सरासरी २४ रुपये ७० पैसे होतं, आणि त्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग त्या दोन गावांतला. मीटरच्या ३५ रुपयांना तरीही ते कमीच.

आता मीटर न लावता प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह आणि गावभराचं पाणी मोजणारा एक बल्क मीटर बसवला, आणि ६२,४०० युनिटं कुटुंबांच्या प्रमाणात वाटली, तर प्रत्येकाला १२.४८ युनिटं मिळतात. आदर्श वापर १२ होता. नुकसान उरतं कुटुंबामागे ४६ पैसे. बारा मीटर आणि बारा व्हॉल्व्ह यांनी पाच हजार मीटरांचं काम बहुतेक उरकतं. सगळी कुटुंबं सारखी नसतात हे खरं, गोठा असलेल्या घराला जास्त लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान ४६ पैशांपेक्षा जास्त होईल. पण ते ३५ रुपयांएवढं होण्याची शक्यता कमीच. मीटरचं गणित जमतं ते दाट वस्तीच्या, चोवीस तास पाणी देणाऱ्या गावात. कराडजवळच्या मलकापूरने तसं मीटरवर, वापराच्या टप्प्यांप्रमाणे दर लावून करून दाखवलं. चोवीस तास पुरवठ्यात वाटप व्हॉल्व्हने होत नाही, तिथे दराशिवाय दुसरा लगाम नसतो.

अनुदान द्यायचंच तर कशावर

वर्षाअखेरची तूट बघून ती भरून देण्याचा रिवाज सगळ्यांत वाईट. गळती २० वरून ३५ टक्क्यांवर गेली तर सीमांत खर्च ६.४० ÷ ०.६५, म्हणजे ९ रुपये ८५ पैसे होतो. ६०,००० युनिटांवर महिन्याला १ लाख ११ हजारांचा फरक. तूट आपोआप भरली जात असेल तर तो फरक कुणालाच टोचत नाही. वीजदरात सवलत देऊन अनुदान पोहोचवलं तरी तेच. पंपाची कार्यक्षमता ६० वरून ५० वर आली तरी बिलात कळत नाही.

म्हणून रक्कम मालमत्तेवर ठरवावी: एवढे किलोमीटर नळ, एवढे अश्वशक्तीचे पंप, एवढी माणसं. ती वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावी आणि वर्षअखेरीस बदलू नये. मग वाचवलेलं योजनेचं आणि उधळलेलंही योजनेचंच.

आणि गावांना बिल लावावं ते बल्क मीटरवर, दोन भागांत. २० टक्के गळतीपैकी ८ टक्के गावाच्या मीटरआधी होते असं धरलं, तर मीटरच्या तोंडाशी सीमांत खर्च ६.४० ÷ ०.९२, म्हणजे जवळपास ७ रुपये. ४०० कुटुंबांच्या गावाचं महिन्याचं बिल असं पडतं: स्थिर आकार ३२,०००. घरोघरी १२ युनिटं पोहोचवायला, गावातली १३ टक्के गळती धरून, ५,५२० युनिटं, त्यांचे ३८,६४०. एकूण ७०,६४०, कुटुंबामागे १७६ ते १७७ रुपये.

त्याच गावाची अंतर्गत गळती २५ टक्क्यांवर गेली तर मीटरवर ६,४०० युनिटं दिसतात आणि बिल ६,१६० रुपयांनी वाढतं. ग्रामपंचायतीने ते शोधायचं तर रात्री टाकी भरल्यावर सगळे व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करायची. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतोय. उतरली नसेल तर एकेक गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून, घरचे नळ बंद ठेवायला सांगून, अर्ध्या तासात पातळी किती जाते ते बघायचं. बहुतेक वेळा दोष घरजोडणीच्या सॅडलवर सापडतो, जिथे पाइपला भोक पाडून अर्ध्या इंचाची जोडणी दिलेली असते. असे चार-पाच सॅडल बदलण्याचा खर्च आणि महिन्याचे ६,१६० हे शेजारी शेजारी मांडून दाखवले, की ग्रामसभेत पुढची चर्चा दराऐवजी सॅडलवर होते.